डिटेक्टर सगळ्या भिंतीवर वाजतोय, मग ड्रिल कुठे मारायचं?

गेल्या जुलैत आकुर्डीच्या एका काकूंचा फोन आला. मुलाने बंगळूरहून ५५ इंची टीव्ही पाठवला होता, ब्रॅकेट बसवायचं होतं. मुलानेच ऑनलाइन एक वॉल डिटेक्टरही मागवला होता, "आई, याने तपासल्याशिवाय भोक पाडू देऊ नकोस" असं बजावून. काकूंनी तो भिंतीवर फिरवला आणि घाबरून मला बोलावलं. "दादा, हा तर सगळीकडे वाजतोय. म्हणजे सगळ्या भिंतीत वायरच आहे का?"

मी पिंपरी-चिंचवडमध्ये २२ वर्षं वायरिंगची कामं करतो आणि हा प्रश्न मला दर पावसाळ्यात विचारला जातो. यंत्र बिघडलेलं नसतं, भिंतही काही वेगळी नसते. एका आवाजावरून निर्णय घ्यायला गेलं की घोळ होतो. भिंतीची स्थिती आपण स्वतः बदलायची आणि त्याबरोबर आवाज कसा बदलतो ते पाहायचं, मग तेच यंत्र उपयोगी पडतं. काकूंच्या भिंतीवर हे टप्प्याटप्प्याने कसं केलं ते सांगतो.

आधी भिंत समजून घ्या

इमारत साधारण २००९ सालची. आरसीसी खांब-तुळया आणि मधे विटांच्या भिंती. हॉलची ही भिंत ३०५ सेंटिमीटर रुंद. तिच्या डाव्या टोकाला पॅसेजची चौकट आणि पलीकडे कॉमन बाथरूम. म्हणजे एकाच भिंतीत वायरही असणार आणि पाण्याचे पाइपही.

आपल्याकडच्या कन्सील वायरिंगमध्ये पीव्हीसी पाइप बहुतेक वेळा स्लॅबमधून येतो आणि भिंतीत झिरी मारून सरळ खाली बोर्डापर्यंत उतरतो. त्यामुळे भिंतीवर बोर्ड, प्लग पॉइंट किंवा एसीचा पॉइंट दिसला की त्याच्या वर छतापर्यंत आणि खाली जमिनीपर्यंत, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट धरून, एक उभा पट्टा वायरचा समजायचा. एकाच उंचीवर दोन बोर्ड असतील तर त्यांच्यामधला आडवा पट्टाही तसाच. एवढं पाळलं तरी बरेचसे अपघात टळतात.

खरी भीती नंतर वाढवलेल्या पॉइंटची असते. घर राहतं झाल्यावर एसी, इन्व्हर्टर, टीव्ही यांच्यासाठी जी झिरी मारली जाते ती जवळच्या वाटेने, कित्येकदा तिरपी जाते. पाइप वाचतो, तोडफोड कमी होते, म्हणून माणूस तिरपं जातो. अशी झिरी शोधायला रात्री खोलीतले दिवे घालवून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, उजेड भिंतीवरून घासत गेला पाहिजे. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर बुजवलेली झिरी फुगीर पट्ट्यासारखी किंवा केसासारख्या बारीक चिरेसारखी उठून दिसते. रंगाचे जाड हात असले तर दिसत नाही, पण दिसली तर यंत्रापेक्षा खात्रीची. काकूंकडे तीन वर्षांपूर्वी पुट्टी आणि रंग झालेला, काही दिसलं नाही.

यंत्र सगळीकडे का वाजतं

घरगुती डिटेक्टरमध्ये साधारण दोन कामाच्या गोष्टी असतात. एका सेटिंगवर तो धातू शोधतो, दुसऱ्यावर चालू वीज. आपल्या भिंतीत दोन्ही फसतात, पण दोन वेगळ्या कारणांनी.

धातूच्या सेटिंगचं मुख्य कारण चिकन मेश. वीटकाम आणि तुळई-खांब जिथे भेटतात तिथे गिलाव्याला चीर जाऊ नये म्हणून गवंडी ही लोखंडी जाळी मारतात. चांगलं काम असेल तर बुजवलेल्या झिरीवरही मारतात. जाळी गिलाव्यातच असते, म्हणजे पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर आत. यंत्राला ती आधी लागते, तिच्यामागची तांब्याची वायर तिला झाकली जाते. खांबात आणि तुळईत सळया असतात, तिथेही तेच. पण जाळीचा पट्टा म्हणून फेकून देऊ नका. तुळईपासून लांब, भिंतीच्या मधोमध जर धातूचा उभा किंवा तिरपा पट्टा लागला, तर तिथे जाळी मारायला काहीतरी कारण होतं, आणि ते बहुधा झिरीचंच.

चालू विजेच्या सेटिंगचं कारण ओल. हे यंत्र वायरमधला करंट मोजत नाही, वायरभोवतीचं विद्युत क्षेत्र हुंगतं. म्हणूनच प्लगला काही लावलेलं नसलं तरी फेजची वायर सापडते. पण जुलैतल्या दमट गिलाव्यात हे क्षेत्र पसरतं आणि एका वायरमुळे दोन-तीन फुटांचा पट्टा वाजू लागतो. अर्थिंगला न जोडलेली जाळी किंवा लोखंडी बोर्डपेटी जवळ असली तर तीही थोडी भारित होते आणि सगळीच्या सगळी जाळी "चालू वीज" म्हणून दाखवली जाते. कोरड्या हवेत याउलट रंगावर घासून स्थिर वीज साठते, तीही वाजते.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे. दुसऱ्या हाताचा पंजा यंत्रापासून फूटभर अंतरावर भिंतीला सपाट टेकवा आणि मग यंत्र फिरवा. पसरलेला भार शरीरातून निघून जातो आणि पट्टा अरुंद होतो. काकूंच्या भिंतीवर बोर्डाच्या वरचा आवाजाचा पट्टा सुमारे अडीच फुटांवरून हातभर झाला.

तीन फेऱ्या

सुरू करण्याआधी यंत्रात नवी बॅटरी टाका. मग ते मोकळ्या हवेत धरून चालू करा, बोर्डाजवळच्या भिंतीवर टेकवून चालू करू नका. बरीच यंत्रं चालू होताना समोर असेल ते शून्य धरतात. वायरवरच चालू केलं तर ते वायरलाच रिकामी भिंत समजतं. नंतर जिथे वायर नक्की आहे, म्हणजे बोर्डाच्या बरोबर वर, तिथे वाजतं का पाहा. तिथेच वाजत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिली फेरी सगळं चालू ठेवून. घरातली सगळी बटणं चालू करा, पंखे, दिवे, गीझरसुद्धा. बटणापासून दिव्यापर्यंतच्या वायरमध्ये बटण बंद असताना वीज नसते, त्यामुळे बटण बंद असेल तर ती वायर यंत्राला दिसत नाही. ही चूक मी शिकलेल्या लोकांकडूनही होताना पाहिली आहे. गीझरची जाड वायर तर बाथरूमला लागून असलेल्या याच भिंतीतून जाण्याची शक्यता असते, कारण तिचं बटण बाहेर आणि गीझर आत. यंत्र सावकाश, एकदा आडवं आणि एकदा उभं फिरवा. जिथे आवाज सुरू होतो तिथे पेन्सिलची खूण, मग उलट बाजूने येऊन तिथे सुरू होतो तिथे दुसरी. वस्तू दोन खुणांच्या मधोमध असते. भिंतीवर मास्किंग टेप लावून त्यावर खुणा केल्या तर रंग खराब होत नाही.

दुसरी फेरी मेन बंद करून. एकेक एमसीबी पाडू नका, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल मेन स्विच बंद करा, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते. काकूंकडे मी मेन पाडला, पंखे थांबायला हवे होते, पण हॉलमधला एक पंखा फिरतच राहिला. इन्व्हर्टर. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो असतो आणि मेन पडला की तोच भिंतीतल्या त्याच्या वायरांना २३० व्होल्ट देऊ लागतो. "मी मेन बंद केला होता" असं सांगणाऱ्या माणसालाही शॉक बसतो तो असा. मेन बंद, मग इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद, आणि मग टेस्टरने खात्री. टेस्टरही आधी शेजाऱ्यांच्या घरातल्या चालू पॉइंटवर पेटतो का पाहायचा, मग आपल्या बंद पॉइंटवर, मग परत चालू पॉइंटवर. मधल्या वेळात टेस्टरच गेला असेल तर तिसऱ्या वेळी कळतं.

आता पुन्हा विजेच्या सेटिंगवर तीच भिंत तपासा. पहिल्या फेरीत वाजलेलं आणि आता गप्प झालेलं सगळं तुमच्या घरातल्या चालू वायरमुळे होतं. आता गप्प झालं म्हणजे तिथे वायर नाही असं मात्र मुळीच नाही. खुणा तशाच ठेवा. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद असूनही जिथे अजून वाजतं तिथे थांबा. पंजा टेकवूनही आवाज जात नसेल तर ती वीज तुमच्या घरातली नाही. शेजाऱ्याची सामाईक भिंत, जिन्याचे दिवे, लिफ्टची किंवा मीटररूमकडून वर जाणारी लाइन. तुमच्या मेनचा तिच्यावर काही अधिकार नाही. अशा जागी भोक पाडायचं नाही, एवढंच.

तिसरी फेरी धातूच्या सेटिंगवर, वीज बंद असतानाच. केबल टीव्हीची, इंटरनेटची, सीसीटीव्हीची वायर २३० व्होल्टची नसते, त्यामुळे ती विजेच्या सेटिंगवर कधीच सापडत नाही. तांबं उथळ असेल तर इथे लागतं. काकूंच्या भिंतीवर या फेरीत दोन गोष्टी लागल्या. वरच्या तुळईखाली आडवा जाड पट्टा, म्हणजे जोडावरची जाळी. आणि चौकटीपासून १५ ते ३५ सेंटिमीटरच्या दरम्यान उभा पट्टा, म्हणजे मुख्य बोर्डाची झिरी. मधला भाग शांत.

इथपर्यंत पाहून अनेक जण ड्रिल उचलतात. मीही पूर्वी उचलला असता. पण चौकटीपासून ११० सेंटिमीटरवर, जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर टीव्हीचा एक पॉइंट होता आणि त्याच्या वायरची वाट तीन फेऱ्यांनंतरही मला नीट कळलेली नव्हती. पहिल्या फेरीत तिथपासून डावीकडे सगळंच वाजलं होतं. नंतर सगळंच गप्प. पॉइंट आहे म्हणजे वायर कुठून तरी येते.

बोर्ड उघडून स्प्रिंग घाला

हा टप्पा वायरमनकडून करून घ्या, स्वतः केलात तर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद असल्याची वर सांगितलेली खात्री करूनच. पॉइंटची प्लेट काढली, स्क्रू सोडवून सॉकेट पुढे ओढलं आणि आतल्या पेटीत टॉर्च मारला. पेटीच्या कोणत्या बाजूच्या भोकातून पाइप आत येतो हे डोळ्यांनी दिसतं. वरून, खालून की बाजूने, हे कळलं की शोध एकदम अर्ध्यावर येतो, आणि त्याला कोणतंही यंत्र लागत नाही. इथे एकच पाइप होता आणि तो वरून येत होता.

वरून येतो म्हणजे सरळ छतापर्यंत जातो असं धरलं असतं तर फसलो असतो. वायर ओढायची जी लोखंडी स्प्रिंग असते ती मी त्या पाइपात वरच्या दिशेने सरकवली. पाइपात वायर असल्या तरी साधारणपणे स्प्रिंगला जागा असते, न रेटता हळू घालायची, अडली तर जोर लावायचा नाही. मग डिटेक्टर धातूच्या सेटिंगवर घेतला. पातळ वायर जिथे लागत नव्हती तिथे ही स्प्रिंग ठळक वाजली. एकाने स्प्रिंग थोडी मागेपुढे सरकवायची, दुसऱ्याने टोकाचा आवाज पकडत जायचं. काकूच स्प्रिंग धरून होत्या.

पाइप ११० सेंटिमीटरच्या रेषेत जमिनीपासून ९० सेंटिमीटरपर्यंत सरळ वर गेला आणि तिथून डावीकडे तिरपा वळला, थेट चौकटीजवळच्या मुख्य बोर्डाकडे. तो बोर्ड २५ सेंटिमीटरवर, १३५ उंचीवर. म्हणजे ८५ सेंटिमीटर डावीकडे जाताना पाइप ४५ सेंटिमीटर वर चढतो. नंतर वाढवलेला पॉइंट, तिरपी झिरी, आणि वर जाळी न मारलेली. काकूंना मग आठवलं, टीव्हीचा पॉइंट पहिल्यापासून नव्हता.

आता ब्रॅकेटची भोकं पाहा. टीव्हीच्या दुकानाचा माणूस आधी येऊन पेन्सिलने खुणा करून गेला होता. चौकटीपासून ९० आणि १३० सेंटिमीटरवर उभ्या दोन रेषा, उंची १०० आणि १२० सेंटिमीटर, एकूण चार भोकं. तिरप्या पाइपाचा हिशेब मांडा. वळणापासून २० सेंटिमीटर डावीकडे, म्हणजे ९० च्या रेषेवर, तो साधारण साडेदहा सेंटिमीटर चढलेला असणार. ९० अधिक साडेदहा, म्हणजे शंभराच्या जरा वर. डावीकडचं खालचं भोक बरोबर पाइपावर होतं.

खोली कमी ठेवून वाचता आलं असतं का? नाही. आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो आणि पाइप त्याच्या लगेच मागे विटेत असतो. ५५ इंची टीव्हीसाठी ५० मिलिमीटरचा रावळ प्लग घालायचा तर भोक ५५ ते ६० मिलिमीटर खोल हवं. पाइपाच्या पार पलीकडे.

पलीकडचं बाथरूम

प्लास्टिकचा पाण्याचा पाइप यापैकी कोणत्याच सेटिंगवर खात्रीने सापडत नाही. सीपीव्हीसीत धातू नाही, वीज नाही. जुन्या इमारतीत जीआय पाइप असेल तर तो धातू म्हणून लागतो, साधं जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून सोडलं तरी उथळ पाइपाशी ओढलं जातं. इथे तसं नव्हतं, म्हणून मोजपट्टी काढली.

मोजण्यासाठी दोन्ही खोल्यांतून दिसणारी एकच खूण लागते. आमच्याकडे ती पॅसेजची चौकट होती. तिथून बाथरूमच्या बाजूने मिक्सर नळाचा मध्य ९६ सेंटिमीटरवर आला. भिंतीवरच्या मिक्सरला गरम आणि थंड पाण्याची तोंडं साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर असतात, म्हणजे पाइप साडेअठ्ठ्याऐंशी आणि साडेएकशेतीनच्या आसपास. गरम पाइप तिथून गीझरकडे वर जातो. हॉलकडचं ९० चं भोक पुन्हा त्याच रेषेत.

मग जाडी. चौकटीपाशी भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट आणि टाइलसकट १४ सेंटिमीटर भरली. मिक्सरसाठी भिंतीत बसवलेला एल्बो आणि त्यामागचा पाइप टाइलच्या पृष्ठभागापासून अंदाजे ६ सेंटिमीटर आतपर्यंत जातो. उरले ८. हॉलकडून भोक ६ सेंटिमीटरचं. मधे उरतात २ सेंटिमीटर, आणि तेही प्लंबरने झिरी नेमकी मारली असेल तर. साडेचार इंची विटेच्या भिंतीत छिन्नी मारताना वीट पार निघून येते आणि ती जागा मागून सिमेंटने भरली जाते, हे मी कितीदा पाहिलंय. दोन सेंटिमीटरवर मी टीव्ही टांगणार नाही.

गीझरचीही एक परीक्षा करता येते. १५-२० मिनिटं गरम पाणी सोडायचं आणि हॉलकडून भिंतीवर हाताची मागची बाजू फिरवायची. उबदार रेघ लागली तर पाइप अगदी जवळ आहे, तिथे जायचंच नाही. नाही लागली तर काहीच सिद्ध होत नाही, सीपीव्हीसी उष्णता कमी सोडतो आणि वीट ती हळू पोहोचवते. थर्मल कॅमेरा असलेल्या माणसाकडून हीच परीक्षा जास्त नीट होते, एक-दोन अंशांचा फरकही त्यात दिसतो. थंड पाण्याचा पाइप मात्र यातून सुटतो. काकूंच्या भिंतीवर हाताला काही लागलं नाही.

भोक पाडताना

ब्रॅकेट आम्ही उजवीकडे ४० सेंटिमीटर सरकवलं, भोकं १३० आणि १७० वर. तिरपा पाइप ११० च्या डावीकडे, मिक्सरचे दोन्ही पाइपही त्याच बाजूला, आणि टीव्ही योगायोगाने भिंतीच्या जवळजवळ मध्यावर आला. नव्या चारही जागा पुन्हा तीनही फेऱ्यांनी तपासल्या, शांत होत्या.

शांत जागेवरही मी पहिलं भोक ५ मिलिमीटरच्या बिटने, हॅमर बंद ठेवून, सावकाश पाडतो. हॅमर लावला की हाताला काहीच कळत नाही, बिट पीव्हीसीतून लोण्यासारखं जातं. दर सेंटिमीटरला थांबून बिट बाहेर काढायचं आणि भुकटी पाहायची. खाली कागदाची घडी चिकटवली की ती तिथे साठते. आधी राखाडी, म्हणजे गिलावा. मग तांबूस, म्हणजे वीट. ब्लॉकची भिंत असेल तर पांढुरकी आणि पिठासारखी. काकूंकडे राखाडी, मग लाल, सहा सेंटिमीटरपर्यंत कोरडी लाल. मग ८ मिलिमीटरचं बिट.

भुकटीऐवजी पांढरी, राखाडी किंवा काळी कुरळी साल निघाली तर तो बहुधा वायरिंगचा पाइप. फिकट पिवळसर साल म्हणजे सीपीव्हीसी. भुकटी ओली झाली तर पाणी. किंचाळणारा आवाज आणि चमकदार कीस म्हणजे जीआय पाइप किंवा सळई. बिट एकदम झटक्याने आत गेलं तर पोकळीत गेलं आहे, आणि पोकळी बहुधा पाइपाचीच. यापैकी काहीही झालं की तिथेच थांबायचं. "अजून थोडं" करू नका.

पाण्याचा पाइप लागला तर आधी बाथरूमचा कॉक, तो धरत नसेल तर टाकीकडून येणारा कॉक बंद करा आणि बिटच्या भोकात लाकडी खुंटी ठोका. एवढ्याने प्लंबर येईपर्यंत वेळ मिळतो. उभ्या पाइपात उरलेलं पाणी तासभर झिरपत राहतं, तेव्हा त्या बाजूचे प्लग बंदच ठेवा.

वायरचा पाइप लागला आणि काही उडालं नाही, दिवे चालू, एमसीबी वर, तर लोक सुटकेचा श्वास सोडून तिथेच स्क्रू घट्ट करतात. याची किंमत मी पाहिली आहे. धंद्यात नवा असताना चिंचवडच्या एका स्वयंपाकघरात लोखंडी अँगलची फळी मी स्वतः लावली. एप्रिल होता, सगळं ठीक चाललं. ऑगस्टमध्ये त्या घरातल्या ताईंचा फोन आला, ओल्या हाताने फळीला स्पर्श केला की मुंग्या येतात. माझा स्क्रू फेजच्या वायरचं आवरण सोलून तिला टेकला होता. कोरड्या विटेतून करंटला वाट नव्हती म्हणून चार महिने कुणाला कळलं नाही, पण अँगल तेव्हापासून जिवंत होता. त्या घरात विजेची गळती झाली की लाइन तोडणारा आरसीसीबी नव्हता. असता तरी कोरड्या भिंतीत तो पडला नसता, तो गळती सुरू झाल्यावर पडतो. पडला असता तो नेमका कुणाच्यातरी हातातून करंट वाहताना. त्या घरी मी त्याच दिवशी वायर बदलली आणि पुढच्या आठवड्यात आरसीसीबी बसवला. आजही त्या फळीचा विचार आला की हात थांबतो.

म्हणून पाइप लागल्याची शंका जरी आली तरी मेन आणि इन्व्हर्टर बंद, स्क्रू बाहेर, आणि वायरमनला मेगर घेऊन बोलवा. ५०० व्होल्टच्या मेगरने फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला रोध मोजतात. मोजण्याआधी प्लगला लावलेली सगळी उपकरणं काढायची, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ती बिघडतील. एक मेगओहमच्या खाली आलं तर वायर गेली. वायर चांगली असेल तर आकडा त्याच्या कितीतरी वर येतो. दुरुस्ती भिंतीत टेप गुंडाळून करायची नाही. बोर्डापासून पॉइंटपर्यंतचा तेवढा तुकडा ओढून काढून अखंड नवा घालायचा, पाइपाचा फुटलेला भाग उघडून बदलायचा.

जिथे ही पद्धत चालत नाही

हे सगळं विटेच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीचं. गेल्या काही वर्षांत हिंजवडी, रावेत भागात ज्या मिवानच्या इमारती उठल्या त्यांत भिंतच सळईच्या जाळीसकट काँक्रीटने ओतलेली असते आणि पाइप ओतण्याआधी त्या जाळीला बांधलेले असतात. धातूचं सेटिंग तिथे सगळीकडेच वाजणार, गिलाव्याची झिरी नाही, त्यामुळे टॉर्चलाही काही दिसणार नाही. पाइप तिथे झिरीच्या शिस्तीने उतरतोच असं नाही. अशा घरात विजेच्या सेटिंगच्या दोन फेऱ्या आणि स्प्रिंग एवढंच उरतं. स्प्रिंगही सळयांत हरवते, पण किती फूट आत गेली आणि कुठल्या बोर्डात बाहेर आली यावरून वाट ताडता येते. सरळ रेषेत लागायला हवी त्याहून जास्त स्प्रिंग आत गेली तर पाइप फिरून गेलाय. अशा घरात बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्या, आणि काम चालू असताना भेट देता आली तर काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढा.

काकूंच्या घरून निघण्याआधी वहीच्या पानावर ती भिंत काढली. चौकटीपासूनची अंतरं, तिरपा पाइप, मिक्सरचे दोन पाइप, चार नवी भोकं, तारीख. पान पिशवीत घालून एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलं. काकू म्हणाल्या, "दिवाळीत मुलगा आला की त्याला फोटोची फळी लावायची आहे, याच भिंतीवर." मी त्यांना पानावर उजवीकडची मोकळी जागा दाखवली आणि डावीकडच्या तिरप्या रेषेवर लाल पेनाने जाड फुली मारली.